ट्रेनिंग ठरवण्याआधी: रिजेक्शनमागे कौशल्याची उणीव नेमकी किती, ते कसं शोधायचं

प्रश्न: चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआरला आहे. मशिनिंग विभागात १२ सीएनसी लेथ, तीन पाळ्या, ३४ ऑपरेटर. रिजेक्शन ४.८ टक्क्यांवर गेलंय, पूर्वी २ च्या आसपास असायचं. प्लँट हेड म्हणतात, सगळ्यांना दोन दिवसांचं 'क्वालिटी अवेअरनेस' ट्रेनिंग द्या. गेल्या वर्षीही दिलं होतं, काही फरक पडला नाही. ट्रेनिंग ठरवण्याआधी खरी उणीव कुठे आहे, ते कसं शोधू?

उत्तर:

ट्रेनिंग एजन्सीचे कोटेशन आठवडाभर बाजूला ठेवा आणि क्वालिटी विभागाकडून गेल्या तीन महिन्यांच्या रिजेक्शनच्या नोंदी मागवा. ४.८ हा आकडा कोणाला काय येत नाही, हे सांगत नाही. तो चार-पाच वेगवेगळ्या दुखण्यांची बेरीज आहे आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणून पहिलं काम तो फोडण्याचं: दोषाचा प्रकार, कोणता जॉब, कोणतं मशीन, कोणती पाळी.

फोडताना दोन गोष्टी कटाक्षाने बघा. पहिली म्हणजे सेटिंगचं रिजेक्शन आणि चालू उत्पादनातलं रिजेक्शन वेगळं केलं आहे का. जॉब बदलल्यावर सेटर जे पहिले दोन-चार पीस घालवतो, ते बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्याच खात्यावर चढतात. छोट्या लॉटच्या ऑर्डरी वाढल्या असतील तर सेटिंग वाढतं आणि कोणाचंही कौशल्य कमी न होता टक्केवारी वर जाते. दुसरी गोष्ट, नुसते नग मोजू नका, दर हजार नगांमागे किती ते काढा. रात्रपाळीत ३०० नग गेले आणि दिवसपाळीत २००, म्हणून रात्रपाळीची मुलं कच्ची ठरत नाहीत. रात्री लांबलचक रन चालत असेल, दीडपट माल निघत असेल, तर दोघांचं प्रमाण सारखंच आहे.

आता हिशोबाची रीत कळावी म्हणून एक चित्र धरू. आकडे मी मांडलेले आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील. समजा, ४८ दर हजार रिजेक्शनपैकी ६१ टक्के बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापाचं आहे, २२ टक्के डेंटचं, १० टक्के बरचं, म्हणजे कडेला राहिलेल्या धातूच्या कुसळाचं, आणि उरलेलं किरकोळ. जॉबचं बोअर २५ मिमी, एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. सगळा खेळ २१ मायक्रॉनमधला.

इथेच डेंट बाजूला काढता येतात. जॉब क्रेटमध्ये एकावर एक पडत असतील तर ३४ माणसांना दोन दिवस बसवून काही होणार नाही, क्रेटला कप्पे करावे लागतील. हे ठरवायला फार अभ्यास लागत नाही. डेंट कुठल्या पृष्ठभागावर आहे आणि तो जॉब कशावर आपटू शकतो, हे अर्धा तास बघितलं की कळतं. बर आला तो इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, उशिरा बदलल्याने की डिबरिंगचा टप्पाच वगळल्याने, तेही लवकर उलगडतं. वेळ द्यायचा तो बोअरला, कारण तिथे माणसाचं कौशल्य, साधन आणि व्यवस्था एकमेकांत गुंतलेली असतात.

गेज आणि वाचन

माप चुकतंय असं म्हणण्याआधी मोजणी बरोबर होतेय का, ते तपासा. क्वालिटीला गेज आर अँड आर, म्हणजे मोजणीचीच चाचणी, करायला सांगा. दहा जॉब घ्या, रोजच्या उत्पादनात जितका फरक येतो तितका त्यांत असू द्या. तीन ऑपरेटरांनी प्रत्येक जॉब दोन-तीन वेळा मोजायचा, आधीचं वाचन माहीत नसताना. मोजणीतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० च्या वर गेला तर त्या मोजणीवर कोणताच निर्णय घेऊ नये आणि मधलं कामाचं महत्त्व बघून ठरवायचं, हा वाहन उद्योगात रूढ असलेला निकष आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग त्यापुढचा आहे. एकाच माणसाची तीन वाचनं आपापसात जुळत नसतील तर आधी गेजवर संशय घ्या: सैल झालेला अँव्हिल, झिजलेला कॉन्टॅक्ट, अडकणारा डायल. प्रत्येकाची वाचनं आपापली जुळतात, पण तिघांची एकमेकांशी जुळत नाहीत, तर मोजण्याच्या पद्धतीत फरक आहे आणि तिथे शिकवण्यासारखं काहीतरी सापडायची शक्यता मोठी. पण ही विभागणी काटेकोर नाही. ज्याचा हातच बसलेला नाही, त्याची स्वतःची वाचनंही फिरतात. म्हणून अहवालावर न थांबता हात बघायला जा.

डायल बोअर गेज हातात घेतलेला नवा मुलगा नीट बघा. बहुतेक डायल बोअर गेजमध्ये काटा शून्याच्या उजवीकडे गेला, म्हणजे कॉन्टॅक्ट जास्त दाबला गेला, म्हणजे बोअर लहान आहे. आपल्या नजरेला सवय उलटी असते. उजवीकडे गेलं की वाढलं, असं आपण धरतो. बाहेरचा व्यास डायलवर तपासणाऱ्याला तर ही सवय अगदी पक्की असते. त्याला शिकवलेलं नसेल, तर तो ५ मायक्रॉन लहान असलेल्या बोअरला ५ मायक्रॉन मोठं समजतो.

दुसरं, गेज बोअरमध्ये घालून मागेपुढे डोलवायचा असतो आणि काटा जिथून परत फिरतो ते वाचन घ्यायचं असतं. न डोलवता गेज तिरका राहिला तर तो कर्ण मोजतो आणि बोअर असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. तिसरं, सेटिंग रिंगवर शून्य केव्हा केलं? पाळीच्या सुरुवातीला एकदा, की दर तासाला? गेज ट्रॉलीवर आपटल्यावर पुन्हा केलं का? आणि जॉब चकमधून काढल्या काढल्या गरम असताना मोजला तर? पोलादी जॉब १० अंशांनी गरम असेल तर २५ मिमीला साधारण ३ मायक्रॉनचा फरक पडतो. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये ३ मायक्रॉन सोडून देण्याइतके थोडे नाहीत.

यातल्या एकाही चुकीवर 'जागरूकता' हे उत्तर नाही. काटा उलटा वाचणारा मुलगा गुणवत्तेबद्दल बेफिकीर नसतो. तो प्रत्येक जॉब मोजत असतो आणि प्रामाणिकपणे चुकत असतो. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाने फरक का पडला नसावा, याचं एक कारण इथे असू शकतं.

ऑफसेट

मोजून झालं की दुरुस्ती. इन्सर्टचं टोक झिजतं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, पण बोअर लहान होत जातं. म्हणून नेहमीच्या मांडणीच्या लेथवर बाहेरच्या व्यासाला एक्स वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेच्या भरपाईचा आकडा, वजा द्यायचा आणि बोअरला अधिक. वर्षभर फक्त बाहेरचं टर्निंग केलेला ऑपरेटर बोअरच्या मशीनवर आला की त्याचं बोट सवयीने वजाकडे जातं. त्यात काटाही उलटा वाचला गेला असेल तर दोन चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी दुप्पट होतात. असा माणूस काही दिवस चांगला माल काढतो, काही दिवस घालवतो आणि सुपरवायझर म्हणतो, 'त्याचं लक्ष नसतं.'

फॅनक कंट्रोलवर चुकण्याची आणखी एक ठरलेली जागा आहे. वेअरच्या पानावर आकडा टाकून `INPUT` दाबलं तर जुना आकडा जाऊन नवा बसतो, `+INPUT` दाबलं तर नवा जुन्यात मिळवला जातो. समजा, ऑफसेट आधीच ०.०३० आहे आणि बोअर ०.००८ ने मोठं करायचंय. ऑपरेटरने ०.००८ टाकून `INPUT` दाबलं, तर ऑफसेट ०.०३८ होण्याऐवजी ०.००८ झाला. पुढचं बोअर आत्ताच्यापेक्षा २२ मायक्रॉननी लहान येणार, म्हणजे अख्ख्या टॉलरन्सहून जास्त उडी. हे रिजेक्शन लॉगमध्ये ओळखू येतं. हळूहळू सरकत गेलेलं माप दिसत नाही, एका जॉबपासून दुसऱ्या जॉबपर्यंत एकदम उडी दिसते. सरकत गेलेलं असेल तर दुरुस्ती वेळेवर झाली नाही, उडी असेल तर दुरुस्ती चुकली किंवा इन्सर्ट तुटला.

एक तिसरा नमुनाही असतो: माप सतत वरखाली नाचतं. हा बहुधा अतिदक्ष ऑपरेटर. प्रत्येक जॉब मोजून तो दोन-तीन मायक्रॉनसाठी ऑफसेट हलवतो. मशीनचा स्वाभाविक फरकच तेवढा असतो, त्याच्यामागे धावून हा तो वाढवतो. केव्हा दुरुस्ती करायची, इतकंच केव्हा करायची नाही हेही कौशल्यच आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही.

येत नाही की करता येत नाही?

आतापर्यंत संशयित सापडले. आता प्रत्येक चुकीला दोन प्रश्न लावा. या माणसाने हे काम पूर्वी नीट केलंय का? आणि आज शांतपणे समोर करायला सांगितलं तर जमतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ज्ञान आहे, अडतंय दुसरीकडे. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेली जी मांडणी या क्षेत्रात अजून वापरतात, तिच्यातही आधी माहिती, साधनं आणि मोबदला ही परिस्थितीची बाजू तपासायची आणि मग माणसाच्या ज्ञानाकडे यायचं, असाच क्रम आहे. कारण परिस्थिती बदलणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि तिचा परिणाम सगळ्यांवर होतो.

यासाठी फ्लोअरवर उभं राहावंच लागतं. तिन्ही पाळ्यांत निदान चार-चार तास जा. पाळी बदलतानाचा पहिला अर्धा तास, इन्सर्ट बदलण्याची वेळ आणि जेवणानंतर मशीन पुन्हा सुरू होतं ती वेळ, या तीन जागा चुकवू नका. प्लँट हेडबरोबर जाऊ नका. पहिल्या तासाला सगळे पुस्तकाप्रमाणे काम करतात, दुसऱ्या तासाला खरं दिसायला लागतं.

काय दिसू शकतं? समजा, सायकल ९० सेकंदांची आहे आणि कंट्रोल प्लॅनप्रमाणे दर पाचवा जॉब मोजायचाय. म्हणजे साडेसात मिनिटांनी एकदा. पण बोअर गेज तीन मशीनमध्ये एकच, त्यात शेजारच्या मशीनवर वेगळ्या व्यासाचा जॉब चालू. गेज इकडे आला की अँव्हिल बदला, रिंगवर शून्य करा, मग मोजा. तेवढ्यात पुढचा जॉब तयार. पाळीचं टार्गेट नगांत लिहिलेलं आणि बोर्डावर तासातासाला आकडा चढतोय. अशा ठिकाणी ऑपरेटर दर विसावा जॉब मोजतो आणि शीटवर मधली वाचनं अंदाजाने भरतो. शीट नीट बघा. ओळीने सगळी वाचनं ०.०१० आणि ०.०११ असतील, एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेली दिसत असतील, तर ती मोजलेली नाहीत. या माणसाला मोजायला शिकवून उपयोग नाही, त्याला गेज द्या.

तसंच, आपला माल बाद झाला हे ऑपरेटरला कधी कळतं? फायनल इन्स्पेक्शनला चार दिवसांनी कळत असेल आणि त्याच्यापर्यंत कधी पोचतच नसेल, तर कुशल माणसालाही स्वतःला सुधारता येणार नाही.

चाचणी

निरीक्षणावर थांबू नका. 'तुम्हाला कोणत्या ट्रेनिंगची गरज वाटते?' असा फॉर्म वाटून तर अजिबात सुरुवात करू नका. त्यातून संवादकौशल्य, एक्सेल आणि व्यक्तिमत्त्व विकास हेच येतं, कारण ज्याला आपण काटा उलटा वाचतोय हे माहीत नाही, तो ती गरज लिहिणार कशी? सुपरवायझरांचं मतही एकटं पुरत नाही. ते वागणुकीवरून कौशल्य जोखतात. वेळेवर येणारा, उलट न बोलणारा माणूस त्यांच्या यादीत वर असतो.

कामाचाच तुकडा करून घ्या. माणशी पाऊण तास पुरतो. स्टँडर्ड रूममध्ये माप घेऊन क्रमांक टाकलेले पाच जॉब ठेवा, त्यांत दोन हद्दीच्या अगदी जवळचे आणि एक बाद असू द्या. ऑपरेटरने रिंगवर शून्य करण्यापासून सुरुवात करायची आणि पाचही वाचनं अधिक-वजा चिन्हासकट लिहायची. टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका फरक चालवून घ्यायचा, म्हणजे इथे साधारण २ मायक्रॉन. पाचपैकी चार बरोबर आणि चिन्ह एकदाही चुकलेलं नाही, तर उत्तीर्ण. दुसरा भाग ऑफसेटचा: सध्याचा ऑफसेट आणि मोजलेलं माप देऊन नवा आकडा काय आणि कोणतं बटण, असे चार प्रसंग. त्यातल्या एकाचं बरोबर उत्तर 'काही करायचं नाही' असं ठेवा. शक्य असेल तर मशीनवरच घ्या, प्रोग्रॅम थांबवून. कागदावर बरोबर लिहिणारा पडद्यासमोर अडखळतो आणि उलटही होतं.

चाचणी कशासाठी आहे, ते आधी सांगा आणि ते पाळा. कंत्राटी मुलांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो म्हणजे आता गेटपास जाणार. कायम कामगारांना वाटतं, ग्रेडवर परिणाम होईल. युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला प्रश्न आधी दाखवा. निकाल भिंतीवर लावू नका आणि कोणाच्या मूल्यमापनात घालू नका. एकदा हा विश्वास मोडला की पुढच्या वेळी सगळे शेजाऱ्याचं बघून लिहितील आणि तुमच्या हाती पुन्हा काही लागणार नाही.

निकाल असा धरू: मोजणीत १५ जण कमी पडले, ऑफसेटमध्ये १३, दोन्हींत १०. म्हणजे कुठेतरी कमी पडलेले १८, दोन्ही नीट करणारे १६.

इथे बहुतेक जण थांबतात, '१८ जणांना ट्रेनिंग' असं लिहितात. मधली एक पायरी राहते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: ही उणीव रिजेक्शनशी जोडलेली आहे का? दोन्ही गटांचं बोअरचं रिजेक्शन वेगवेगळं काढा. समजा, १८ जणांच्या गटाचं दर हजारी ४० आलं आणि १६ जणांचं १७. फरक स्पष्ट आहे, म्हणजे उणीव खरी आहे. दोन्ही गटांचं २९-३० च आलं असतं, तर त्या १८ जणांना काही येत नाही हे खरं असूनही रिजेक्शनचं कारण ते नसतं आणि तुम्हाला मशीनकडे, इन्सर्टकडे, चकच्या दाबाकडे परत जावं लागलं असतं.

त्यातही एक फसगत आहे. नवी मुलं बऱ्याचदा जुन्या मशीनवर उभी केलेली असतात. मग फरक माणसाचा की मशीनचा? एकाच मशीनवर पाळीनुसार वेगवेगळ्या माणसांचे आकडे लावून बघा. एकाच मशीनवर चांगल्या गटातला माणूस १५ ते २० मध्ये राहतोय आणि दुसरा ४० वर जातोय, तर माणसाचं कौशल्यच म्हणायचं. दोघेही ४० वर, तर मशीनचा स्पिंडल तपासायला द्या.

हिशोब आणि अपेक्षा

आता ट्रेनिंगकडून किती मिळेल, ते आधीच मांडता येतं. दोन्ही गटांनी साधारण सारखा माल काढला असं धरलं, तर बोअरचं सरासरी रिजेक्शन हजारी २९ च्या आसपास आहे. सगळे १८ जण शिकून चांगल्या गटाच्या पातळीला आले, असं मानलं तरी ते १७ पर्यंत येईल. म्हणजे १२ ची बचत, एकूण ४८ वरून ३६. उत्तमातलं उत्तम ट्रेनिंग तुमचं रिजेक्शन एक चतुर्थांशाने कमी करेल. ते २ टक्क्यांवर आणणार नाही. कुशल माणसांच्या हातूनही जे १७ जाताहेत, ते गेज, इन्सर्टचं आयुष्य, थंड मशीनवरचे पहिले जॉब यांच्यामुळे, आणि डेंटचे दहा-साडेदहा क्रेटमुळे.

हा आकडा प्लँट हेडना ट्रेनिंगच्या आधी द्या, नंतर नाही. एका पानाचा कागद पुरे: रिजेक्शन कशाचं बनलंय, त्यातलं किती कौशल्याचं, किती साधनाचं, प्रत्येकासाठी काय करायचं, कोणी आणि कधीपर्यंत. ते दोन दिवसांच्या कार्यक्रमावर अडून बसले तर त्यांच्याशी वाद न घालता दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी लिहा. ३४ जणांचे दोन दिवस म्हणजे ६८ मनुष्यदिवस उत्पादन बंद, वर एजन्सीची फी. त्याच्या समोर दोन जादा बोअर गेज, सेटिंग रिंगा, क्रेटचे कप्पे आणि १८ जणांचे अडीच-अडीच तास. उत्पादनातल्या माणसाला हा कागद वाचायला वेळ लागत नाही.

भिंतीवरचं स्किल मॅट्रिक्स

तुमच्याकडे चार भागांच्या वर्तुळांचा तक्ता लावलेला असेलच. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ७.२.१ कलमात प्रशिक्षणाच्या गरजा ओळखण्याची लेखी प्रक्रिया मागितली आहे आणि ऑडिटसाठी म्हणून हे तक्ते रंगवले जातात. चाचणीचे निकाल त्या तक्त्याशेजारी ठेवा. नापास झालेल्या १८ जणांपैकी किती जणांची वर्तुळं तीन चतुर्थांश भरलेली आहेत? बरीच असतील, तर तक्ता भरण्याची पद्धतच बदलायला हवी. 'बोअर मशिनिंग: पातळी ३' यातून काही कळत नाही. 'रिंगवर शून्य करून पाच जॉब २ मायक्रॉनच्या आत मोजतो, वेअर ऑफसेट चिन्हासह बरोबर देतो, इन्सर्ट बदलून पहिला जॉब एकट्याने पास करून घेतो' असं लिहिलं की कोणीही बघून हो किंवा नाही म्हणू शकतो. वर्तुळाचा प्रत्येक चतुर्थांश अशा एका वाक्यावर भरायचा, सुपरवायझरच्या अंदाजावर नाही.

नापास झालेले कोण आहेत, तेही बघा. ते बहुतांशी सहा महिन्यांच्या आत आलेले कंत्राटी कामगार आणि आयटीआयचे शिकाऊ उमेदवार निघाले, तर तुमची गरज वार्षिक कार्यक्रमाची नाहीच. आज शिकवलेले पुढच्या दिवाळीपर्यंत निघून जातील आणि त्यांच्या जागी नवे येतील. मग उणीव आहे ती कामावर घेण्याच्या पद्धतीत: नवा माणूस किती दिवसांत एकट्याने मशीनवर उभा राहतो आणि त्याआधी त्याची कोणती तपासणी होते? वरची चाचणीच तिथे दार म्हणून लावा. ती पास होईपर्यंत बोअरच्या मशीनवर एकट्याला उभं करायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. माणसं कमी असलेल्या दिवशी सुपरवायझर पहिल्यांदा हेच मोडतो. म्हणून पाळीनिहाय किती पास झालेली माणसं हवीत, तो आकडा आधी ठरवा. बोअरची चार मशीन असतील तर प्रत्येक पाळीत चार आणि रजेसाठी एक-दोन जादा, म्हणजे तीन पाळ्यांना मिळून १५ ते १८. तुमच्याकडे १६ आहेत, पण ते तिन्ही पाळ्यांत सारखे वाटलेले आहेत का? दिवसपाळीत नऊ आणि रात्रपाळीत दोन असतील, तर आधी पाळ्यांची मांडणी बदला. त्याने एकही तास न शिकवता रिजेक्शन थोडं उतरेल.

शिकवायचं कसं

आता जे ट्रेनिंग उरतं, ते लहान आहे. १८ जणांचे तीन-तीनचे सहा गट. प्रत्येक गटाला दीड तास गेजवर, एक तास ऑफसेटवर, मशीनशेजारीच. शिकवणाऱ्याचे एकूण १५ तास, ते तीन आठवड्यांत पसरवता येतात. शिकवणारा बाहेरचा लागत नाही, तुमचा चांगला सेटर पुरे. पण त्याला मोकळं सोडू नका. हात बसलेल्या माणसाला तो काय करतो ते सांगता येत नाही, तो 'असं करायचं' म्हणून पटकन करून दाखवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांसाठी बनवलेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'मधला दोन रकान्यांचा कागद, पुढे त्याला जोडलेल्या तिसऱ्या रकान्यासह, इथे अजूनही फार उपयोगी पडतो: टप्पा, त्यातली खुबी आणि तसं का. सेटरबरोबर बसून तो भरा. टप्पा: गेज बोअरमध्ये डोलवा. खुबी: काटा परत फिरतो ते वाचन घ्या. का: तिरक्या गेजवर बोअर मोठं दिसतं. 'का' हा रकाना रिकामा सोडू नका. घाईत पायरी गाळायची वेळ येते तेव्हा ज्याला कारण माहीत आहे, तो ती गाळत नाही.

ज्यांची फक्त मोजणी कच्ची आहे अशा पाच जणांना ऑफसेटच्या तासाला बसवायचं नाही आणि ज्यांचा फक्त ऑफसेट कच्चा आहे त्या तिघांना गेजच्या दीड तासाला नाही. पास झालेल्या १६ जणांना तर बोलावूच नका. त्यांना येतं ते पुन्हा शिकवलं की पुढच्या वेळी ते कोणत्याच ट्रेनिंगला मनापासून येत नाहीत.

शिकवून झाल्यावर तीच चाचणी, जॉब बदलून, दुसऱ्या दिवशी आणि मग महिन्याने घ्या. दुसऱ्या दिवशी पास आणि महिन्याने नापास झाला, तर सरावाची संधी मिळाली नाही, बहुधा त्याला मध्येच दुसऱ्या मशीनवर टाकलं होतं. महिन्यानेही पास आहे, पण त्याचं रिजेक्शन हललेलं नाही, तर त्याला पुन्हा ट्रेनिंगला पाठवू नका. त्याच्या मशीनवर जाऊन बघा, नवा गेज अजून स्टोअरमध्येच पडलेला असू शकतो.